थायलंडच्या औषधदुकानात दाखवायची सहा वाक्यं

नाशिकचा पंचावन्नच्या आसपासचा एक गृहस्थ बँकॉकमध्ये सुट्टीवर आहे, असं समजू. रात्री त्यानं रस्त्यावरच्या गाड्यावर पड थाय खाल्लं आणि सकाळी उठला तो दोन्ही हातांवर पित्त उठलेलं घेऊनच. लाल, खाजरे, उंचवटलेले चट्टे. ताप नाही, धाप नाही. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, तिथल्या पाटीवर फार्मासिस्टचं नाव आणि तो दुकानात असण्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत. अशाच दुकानात जायला हवं, कारण काही लहान दुकानांना फक्त बंद पाकिटातली औषधं विकायची परवानगी असते आणि तिथे फार्मासिस्ट नसतो.

थायलंडमध्ये फार्मासिस्ट बरीच औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, पण स्वतः प्रश्न विचारून देतो. भाषा येत नसली की ही विचारपूस अर्ध्यावर थांबते. म्हणून उत्तरं आधीच फोनवर थाय लिपीत लिहून नेलेली बरी. इथे ती देवनागरीत दिली आहेत. थायमध्ये स्वराच्या चढउतारानं अर्थ बदलतो, त्यामुळे ती वाचून दाखवण्यापेक्षा पडद्यावर दाखवावीत.

‘मी फुन खन थी खॅन. किन कुंग म्युआ खुन. ना माय बुआम, हाय जाय पकती. माय फॅ या. किन या ख्वाम दन, पेन तॉम लूक माक तो. खॉ या कॅ फॅ थी माय ङुआंग ख्रप.’

म्हणजे हातावर खाजरं पुरळ आहे. काल रात्री कोळंबी खाल्ली. चेहरा सुजलेला नाही, श्वास नीट आहे. कोणत्या औषधाची ॲलर्जी नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेट वाढलेलं आहे. झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध द्या. शेवटचा ‘ख्रप’ पुरुषाचा. बाई असेल तर तिथे ‘खा’ येतं.

यात ‘सुरक्षित औषध द्या’ असं वाक्यच नाही, आणि ते नसणंच योग्य आहे. औषध सुरक्षित आहे की नाही हे घेणाऱ्यावर ठरतं. क्लोरफेनिरामिन ही चार मिलिग्रॅमची गोळी तिथे स्वस्त आणि सहज मिळते, खाजही थांबवते. पण ती गुंगी आणते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबवू शकते. सर्दीच्या काही जोडगोळ्यांमध्ये तिच्यासोबत नाक मोकळं करणारं औषधही असतं, आणि त्यानं रक्तदाब चढू शकतो. आपल्या गृहस्थानं प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची गोष्ट लिहिली नसती, तर ‘सौम्य ॲलर्जी’ एवढ्यावर त्याला तीच गोळी मिळाली असती. ही माहिती समोर असताना फार्मासिस्ट बहुधा लोराटाडिनकडे वळेल: दहा मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. खाजेवर वरून लावायला कॅलामाइन लोशन पुरेल. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर प्रोस्टेटच्या जागी ते वाक्य यायला हवं.

लिहिताना एक गफलत सहज होते. ‘या कॅ फॅ’ म्हणजे ॲलर्जीवरचं औषध, आणि ‘फॅ या’ म्हणजे औषधाची ॲलर्जी. शब्द इकडचे तिकडे झाले की फार्मासिस्ट पुरळ बाजूला ठेवून कोणतं औषध तुम्हाला बाधलं ते शोधू लागतो. खरोखरच एखादं औषध बाधत असेल, तर त्याचं मूळ इंग्रजी नाव रोमन लिपीत लिहावं. आपल्याकडच्या कंपनीच्या नावावरून तिथे काही कळेलच असं नाही.

कोळंबीचं वाक्यही गाळू नये. पड थायमध्ये सुकी कोळंबी आणि शेंगदाणे दोन्ही असू शकतात आणि बऱ्याच मसाल्यांत कोळंबीची पेस्ट मिसळलेली असते. शाकाहारी समजून मागवलेल्या ताटातही मासळीचा रस असू शकतो. पुढच्या जेवणात काय टाळायचं ते यावरून ठरतं.

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मात्र तिसरं, कारण ते खरं असेल तरच दुकानात जाण्यात अर्थ आहे. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली, तर हा प्रसंग औषधदुकानाचा नाही. ॲलर्जीची गोळी अशा झटक्याला रोखत नाही, त्याला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. थायलंडमध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक 1669 आहे. गोळी घेतल्यावरही पुढचे काही तास या खुणांकडे लक्ष ठेवावं, एकट्यानं फिरायला निघू नये.

गोळ्या बरेचदा छोट्या पारदर्शक पिशवीत मिळतात आणि घेण्याची पद्धत वर थायमध्ये लिहिलेली असते. औषधाचं नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं हे इंग्रजीत लिहून मागावं. दोन-तीन दिवसांत चट्टे गेले नाहीत, तर ही पिशवी डॉक्टरला दाखवता येते.