कॅलेंडरआधी पंचांग: छोट्या प्रकाशकाचे वर्षभराचे नियोजन

पुस्तके छापणाऱ्या छोट्या प्रकाशकाला हल्ली संकेतस्थळावर लेखही द्यावे लागतात. वाचक गूगलवर काहीतरी शोधतो, लेखापर्यंत येतो आणि तिथून पुस्तकाकडे वळतो, असा हा मार्ग आहे. त्यासाठी बहुतेक जण डिसेंबरात बारा रकान्यांचा तक्ता करतात. जानेवारीत संक्रांत, ऑगस्टमध्ये गणपती, ऑक्टोबरात दिवाळी, आणि प्रत्येकासमोर चार-पाच कीवर्ड. तक्ता नीटनेटका दिसतो, पण बऱ्याचदा दोन ठिकाणी फसतो. लेख उशिरा येतात आणि एकाच प्रकाशकाचे दोन लेख एकमेकांच्या वाटेत येतात.

समजा, पुण्यात चार माणसांचे एक प्रकाशनगृह आहे. पाककृती, बालसाहित्य आणि पालकांसाठीची पुस्तके मिळून त्यांच्या यादीत पस्तीसेक शीर्षके आहेत. महिन्याला दोनच लेख झेपतात: एक त्या हंगामाचा आणि एक बारमाही. म्हणजे वर्षाचे चोवीस. प्रत्येक लेखाला एक मुख्य शोधवाक्य, त्याच्या जवळची दोन-तीन वाक्ये आणि यादीतले एक पुस्तक नेमून द्यायचे, एवढाच या तक्त्याचा उद्देश.

पहिली अडचण तारखांची. मराठी वाचकाचा शोध सणांबरोबर सरकतो आणि सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला आणि दिवाळीचे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 2024 चा तक्ता 2025 साठी जसाच्या तसा उतरवणारा प्रकाशक अकरा दिवस मागे पडला असता. म्हणून तक्त्यात आधी पंचांगातल्या तारखा भरायच्या. त्यानंतर न हलणाऱ्या तारखा: 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. शेवटी शाळेचे वेळापत्रक, कारण सुट्टीत मुलांनी काय वाचावे हा प्रश्न वार्षिक परीक्षा संपत आली की सुरू होतो आणि डब्यात काय द्यावे हा जूनमध्ये.

या तारखा वाचकाच्या शोधाच्या झाल्या. लेख त्याआधी यायला हवा. नवे पान गूगलच्या नजरेस पडून यादीत स्थिरावायला काही आठवडे लागू शकतात, आणि ते वर येईलच याची हमी कोणी देत नाही. त्यामुळे प्रसिद्धीची तारीख सणाच्या सहा ते आठ आठवडे आधी धरलेली बरी. तक्त्यातला ‘जुलै’ म्हणजे मग गणपतीचा महिना ठरतो.

शोधवाक्ये मिळवायला महागडे साधन लागत नाही. गूगल सर्च कॉन्सोल फुकट आहे. लोक काय टाइप करून आपल्या पानापर्यंत आले हे त्यात दिसते, पण माहिती सोळा महिन्यांचीच राहते, म्हणून ती दर तिमाहीला उतरवून ठेवावी. गूगल ट्रेंड्सवरून हंगाम कळतो. मात्र त्यातला 100 हा आकडा शोधांची संख्या नसून त्या काळातला सर्वोच्च बिंदू असतो, आणि मराठीतल्या बारीक वाक्यांसाठी तिथे पुरेशी माहितीच नसते. अशा वेळी दुकानात आणि फोनवर येणारे प्रश्न लिहून ठेवलेली वही जास्त कामाची. शिवाय बरेच मराठी वाचक रोमन लिपीत शोधतात. `उकडीचे मोदक` आणि `ukadiche modak recipe in marathi` ही एकाच गरजेची दोन रूपे आहेत. त्यांच्यासाठी दोन पाने करायची नसतात. शीर्षक देवनागरीत ठेवायचे आणि पानाच्या पत्त्यात रोमन रूप द्यायचे.

आता मोदकांचाच लेख घेऊ. नुसत्या ‘मोदक रेसिपी’साठी मोठी पाककृती-संकेतस्थळे आणि यूट्यूबवाले आधीच ठाण मांडून बसलेले असतात. तिथे छोट्या प्रकाशकाचा निभाव लागणे कठीण. पण वहीत प्रश्न असतो, मोदक फुटतात का? तेच मुख्य वाक्य. शीर्षक ठरते, ‘उकडीचे मोदक का फुटतात? उकड, सारण आणि वाफेतल्या चुका’. शोधवाक्य सुरुवातीलाच आले, कारण लांब शीर्षकाचा शेवट मोबाइलच्या पडद्यावर कापला जाऊ शकतो. लेखात उत्तरही तसेच नेमके हवे: उकड कोरडी राहिली की पारीला कडेने चिरा जातात, सारण ओलसर राहिले की मोदक आतून फुटतो. पत्ता `/ukadiche-modak/` असा ठेवायचा, त्यात वर्ष घालायचे नाही. `/modak-2026/` केले तर पुढच्या वर्षी तो जुनाट दिसतो आणि शून्यापासून सुरुवात करावी लागते.

तारखांचा हिशेब उलटा मांडायचा. चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे प्रसिद्धी 20 जुलैला. मजकूर 6 जुलैपर्यंत तयार, आणि पाककृती करून पाहणे व छायाचित्रे जूनअखेर. याच सुमारास गोदामही पाहायचे. लेखाशी जोडलेल्या पुस्तकाच्या प्रती संपत आल्या असतील तर एक तर पुनर्मुद्रण तरी करायचे, नाहीतर पुस्तक तरी बदलायचे.

दुसरी फसगत उपवासात होते. महाशिवरात्र, आषाढी, श्रावण आणि नवरात्र अशा चार ठिकाणी ‘उपवासाचे पदार्थ’ हेच कीवर्ड भरण्याचा मोह होतो. चार पाने एकाच वाक्यावर हक्क सांगू लागली की त्यातले नेमके कोणते दाखवायचे हे गूगलला ठरवावे लागते, आणि बऱ्याचदा कोणतेच वर येत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. सर्च कॉन्सोलमध्ये ते वाक्य निवडून ‘पेजेस’ हा भाग उघडायचा. एकाच वाक्याखाली दोन पाने आलटूनपालटून दिसत असतील तर घरातच भांडण लागले आहे.

त्यावर उपाय असा: ‘उपवासाचे पदार्थ’ हे वाक्य एकाच बारमाही पानाचे. आषाढीला त्यातली एक बारीक अडचण घ्यायची, उदाहरणार्थ साबुदाण्याची खिचडी चिकट का होते, आणि नवरात्रात नऊ दिवसांचा बेत. ही पाने मुख्य पानाकडे दुवा देतील, पण त्याचे वाक्य पळवणार नाहीत. कीवर्ड मजकुरात पुन्हापुन्हा कोंबणे मात्र टाळावे. गूगल ते गैरप्रकारात धरते. पानामागे दडवलेल्या कीवर्डच्या यादीचा क्रमवारीसाठी उपयोग करत नसल्याचेही त्याने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

सण संपल्यावर महिनाभराने हिशेब पाहायचा. पान खूपदा दिसले पण कोणी उघडले नाही, तर आधी शीर्षकाकडे बघावे. सरासरी स्थान आठ ते वीसच्या दरम्यान असेल तर नवा लेख लिहिण्यापेक्षा त्याच पानात भर घालणे फायद्याचे. तुलना मात्र तारखेशी नको. गेल्या वर्षी चतुर्थीच्या तीस दिवस आधी काय स्थिती होती आणि यंदा तीस दिवस आधी काय आहे, असे पाहिले तरच आकडे बोलतात.

2027 मध्ये गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे, म्हणजे आठ आठवड्यांच्या नियमाने तारीख 10 जुलैवर येते. मोदकांचे पान तेव्हा तयारच असेल. त्या जुलैत वाचकांचे नवे प्रश्न त्यात घालायचे आणि मोकळ्या झालेल्या रकान्यात एखाद्या नव्या पुस्तकाचा लेख बसवायचा.