‘छतातनं’नंतरच्या आठ फ्रेम

रिकामा वन-रूम-किचनचा फ्लॅट. एजंट किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत उभा आहे. बायको ओट्याची उंची बघतेय, नवरा खिडकी उघडून बाहेर डोकावतोय.

‘पाण्याचं काय?’ नवरा विचारतो.

‘चोवीस तास पाणी.’

‘अरे वा!’

‘छतातनं.’

आणि बायको वर बघते.

हे प्रहसन या लेखापुरतं रचलेलं आहे, पण असा विनोद दोन-तीन मिनिटांच्या प्रत्येक स्किटमध्ये चार-पाच वेळा येतो. लिहिताना तो एका शब्दाचा असतो. नट तो नीट म्हणतात, कॅमेरामन नीट टिपतो, आणि तरी एडिटिंगच्या टेबलावर तो मरू शकतो. का मरतो, हे फ्रेममध्ये मोजता येतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशेबानं सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. विनोदाच्या बाबतीत एडिटरचा सगळा झगडा साधारण 5 ते 25 फ्रेमच्या पट्ट्यात चालतो.

पहिला प्रश्न ‘अरे वा!’ आणि ‘छतातनं’ यांच्यातल्या जागेचा. पंचच्या आधी पॉज घ्यावा, असं सगळेच सांगतात. पण साल्वातोरे अतार्दो आणि लूसी पिकरिंग या भाषाशास्त्रज्ञांनी विनोद सांगणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं मोजली, तेव्हा पंचच्या आधी ठरावीक, उठून दिसणारा पॉज त्यांना सापडलाच नाही. पॉज खरं तर वेगळंच काम करतो. 2009 साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतली साधी संभाषणं तपासली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला बहुतेक ठिकाणी सरासरी पाव सेकंदाच्या आसपासच वेळ लागत होता. भाषांप्रमाणे थोडा फरक होता, पण अंतर असं इवलंसंच. आपल्या फ्रेममध्ये ते पाच-सहा. समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपण आधीच बांधून बसलेले असतो, म्हणून हे जमतं. उत्तर त्याहून रेंगाळलं की ऐकणारा लगेच ओळखतो, काहीतरी अडचण आहे. होकार झटकन येतो, नकार उशिरा.

आता आपला एजंट घ्या. ‘अरे वा!’नंतर चार फ्रेममध्ये तो ‘छतातनं’ म्हणाला, तर तो गळतीसुद्धा सोय म्हणून विकणारा निर्ढावलेला माणूस आहे. वीस फ्रेम थांबून म्हणाला, तर मनाला टोचणी लागलेला, खरं बोलून मोकळा होणारा बिचारा. शब्द तोच, पण माणूस बदलला. मला पहिला जास्त मजेदार वाटतो. दुसऱ्याचा पॉज प्रेक्षकाला ‘आता काहीतरी येणार’ असं सांगून ठेवतो आणि पंचची निम्मी हवा काढून घेतो.

नटानं सेटवर वीस फ्रेम घेतल्या असतील तर? एकाच शॉटमधून मधल्या फ्रेम कापल्या तर चित्र उडी मारतं. म्हणून ‘अरे वा!’ नवऱ्याच्या वेगळ्या शॉटवर हवं. त्यावर जायचं आणि एजंटकडे परत यायचं. मधला वेळ किती उडवला, हे त्या दोन कटांच्या आत झाकलं जातं. नवऱ्याचा तो साधा, निर्बुद्ध आनंदाचा क्लोज-अप शूटिंगच्या दिवशी घेतला नसेल, तर टेबलावर काही करता येत नाही. विनोदी स्किटच्या शूटला ऐकणाऱ्या प्रत्येकाचा शॉट पूर्ण प्रसंगभर घेऊन ठेवतात, त्याचं कारण हेच.

मग मुख्य जागा. ‘छतातनं’ म्हटल्यावर बायकोवर कधी जायचं?

इथे प्रेक्षकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघावं लागतं. 1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी वाक्याच्या शेवटी न बसणारा शब्द वाचताना मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. शब्द दिसल्यापासून सुमारे 400 मिलिसेकंदांनी एक ठळक लाट उठते, असं त्यांना दिसलं. पुढे सीना कूल्सन आणि कुटास यांनी खरे विनोद वापरून पाहिलं, तर त्या लाटेनंतरही काही काळ हालचाल चालू राहत होती. पहिली लाट ‘हे इथे कसं?’ अशी असते, असं ढोबळमानानं म्हणू. नंतरची हालचाल म्हणजे मागचं सगळं उलटून पुन्हा मांडणं. ‘चोवीस तास पाणी’ हे नळाचं नव्हतं, हे तेव्हा लागतं.

‘छतातनं’ म्हणायला अंदाजे पंधरा फ्रेम लागतात. म्हणजे शब्द संपता संपता प्रेक्षक आश्चर्यापर्यंत पोचलेला असतो, पण जुळवाजुळव अजून चालू असते. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरच बायकोवर कट मारला, तर तिचा चेहरा उत्तर फोडतो. प्रेक्षक हसतो, पण तिच्या मागून, सांगितल्यावर. एजंटच्या निर्विकार चेहऱ्यावर आणखी सातआठ फ्रेम थांबलं, तर प्रेक्षकाला स्वतःला लागतं, आणि बायको त्याच्या हसण्यावर शिक्का मारते. पंचवीस फ्रेम थांबलं, तर विनोद लागून गेलेला असतो आणि पडद्यावर एजंट उगाच उभा असतो. प्रयोगशाळेतल्या लहरी कुठे कापायचं ते सांगत नाहीत. शब्द किती अनपेक्षित आहे, नट किती भरभर बोलतो, यावर आकडा हलतो. पण आठापासून सुरुवात करून दोन-दोन फ्रेम मागेपुढे सरकवत बघणं, हा सुरुवातीचा चांगला अंदाज ठरतो.

कट झाल्यावर नवीन चित्रातल्या चेहऱ्यावर नजर पोचायला साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे पाच फ्रेम जातात. बायकोच्या शॉटच्या पहिल्याच फ्रेममध्ये तिची मान वर जायला लागली असेल, तर त्या हालचालीची सुरुवात कुणालाच दिसत नाही. दिसते ती फक्त वर बघत असलेली बाई, आणि ते काही विनोदी नाही. म्हणून शॉट अशा ठिकाणी उचलायचा की आधी सहासात फ्रेम ती नुसती ओट्याकडे बघतेय, मग डोळे थांबतात, मग वर जातात. एजंटचा चेहरा पडद्यावर जिथे होता, साधारण तिथेच तिचा चेहरा आला तर नजरेला धावपळ करावी लागत नाही. पाहताना काहीतरी निसटल्यासारखं वाटतंय आणि कारण कळत नाहीये, असं झालं की आधी हे तपासावं.

दुसराही मार्ग आहे. ‘छतातनं’च्या अर्धा सेकंद आधीच बायकोवर जायचं आणि शब्द तिच्या चेहऱ्यावर ऐकवायचा. तेव्हा विनोद एजंटचा न राहता तिचा होतो: कळण्याचा क्षण आपण तिच्याबरोबर जगतो. ही मांडणी वाईट नाही, पण कट आणि शब्द एकाच क्षणी मात्र आणू नयेत. नजर चेहरा शोधत असते आणि पंचचा पहिला हिस्सा वाया जातो.

आता तो चेहरा कुठून आणायचा? बहुतेक वेळा नटानं ‘दिलेल्या’ प्रतिक्रियेतून नाही. भुवया उंचावणं, तोंड उघडणं, कॅमेऱ्याला कळावं म्हणून थोडं जास्त करणं, हे सगळं त्या शॉटमध्ये असतं. जुने एडिटर रशेसमध्ये ‘अॅक्शन’च्या आधीचे आणि ‘कट’नंतरचे सेकंद शोधतात. नटी दिग्दर्शकाची वाट बघत उभी असते, चेहऱ्यावर काही नसतं, आणि एखादा दिवा हलला म्हणून ती सहज वर बघते. तोच शॉट. लेव कुलेशोव यांनी 1920च्या आसपास रशियात इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच कोरा चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, अशी कथा सिनेमाच्या शाळेत पहिल्या आठवड्यात सांगतात. मूळ फिल्म उरलेली नाही. नंतर कुणी तो प्रयोग पुन्हा केला, तर कधी परिणाम दिसला, कधी फिका पडला. विनोदात मात्र तो सहज चालतो, कारण आधीचं वाक्य आपलं काम करून गेलेलं असतं आणि कोऱ्या चेहऱ्यात काय भरायचं ते प्रेक्षकाला ठाऊक असतं.

बायकोवर किती थांबायचं? डोळे वर जाऊन स्थिरावले, की ती बहुधा पापणी मिटते. वॉल्टर मर्च यांना ‘द कॉन्व्हर्सेशन’ (1974) एडिट करताना दिसलं की जीन हॅकमन जिथे पापणी मिटतो, तिथेच आपला हात कट मारायला जातोय. एक विचार संपला की पापणी मिटते, असं त्यांनी त्यावरून मांडलं. 2009 साली जपानमध्ये तामामी नाकानो यांच्या गटानं लोकांना ‘मिस्टर बीन’चे तुकडे दाखवून त्यांच्या पापण्या मोजल्या. ओळखदेख नसलेले प्रेक्षक एकाच वेळी पापण्या मिटत होते, आणि त्या जागा एखादी कृती पुरी झाल्याच्या, म्हणजे चुकवण्यासारखं काही नसल्याच्या होत्या. निसर्गदृश्यं दाखवली तेव्हा असं एकसाथ मिटणं दिसलं नाही. बायकोचा शॉट पापणी मिटण्याच्या आसपास सोडावा तो याचसाठी: प्रेक्षकाचंही तिथे पुरं झालेलं असतं. आपल्या शॉटमध्ये हे साधारण तिसाव्या-पस्तिसाव्या फ्रेमला येतं.

एक किरकोळ पण नेमानं होणारी चूक इथेच सांगतो. हे तुकडे जोडताना मधला आवाज पूर्ण शून्य झाला, तर ऐकणाऱ्याला विनोद नव्हे, बिघाड ऐकू येतो. त्या खोलीतला पंखा, रस्ता, नुसती हवा असं अर्धा मिनिट वेगळं ध्वनिमुद्रित करून खाली पसरावं लागतं.

यापुढचा प्रश्न हसण्याचा. 1935 सालच्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’च्या आधी मार्क्स बंधूंना निर्माता अर्व्हिंग थालबर्गनं त्यातले प्रसंग घेऊन नाट्यगृहांच्या दौऱ्यावर पाठवलं. कुठे हशा येतो, किती वेळ टिकतो, हे तिथे तपासून मग चित्रपटात जागा सोडल्या गेल्या. ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (1959) बिली वाइल्डरनं जॅक लेमनच्या हातात मराका, म्हणजे खुळखुळे दिले. लग्न ठरल्याचं सांगताना तो दोन वाक्यांमध्ये खुळखुळे वाजवत नाचतो. प्रेक्षक तेव्हा हसून घेतात आणि पुढचं वाक्य हशात बुडत नाही.

आपल्या एजंटकडे किल्ल्यांचा जुडगा आहेच. बायकोच्या शॉटनंतर त्याच्यावर परत यायचं, त्यानं एकदा जुडगा खुळखुळवायचा, मग नवऱ्याचं ‘आणि लाइट?’ आणि त्यावर त्याचं पुढचं उत्तर. सभागृहात दाखवायचं असेल तर हा खुळखुळाट दोन सेकंदांचा हवा, कारण ‘आणि लाइट?’ ऐकू आलं नाही तर पुढचा पंच उभा राहायला जमीनच नाही. पण तेच स्किट कुणी लोकलमध्ये एकटा मोबाइलवर बघणार असेल, तर हिशेब फिरतो. माणूस एकटा असताना मोठ्यानं फार कमी हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हशाचा अभ्यास करताना हेच पुन्हा पुन्हा नोंदवलं. एकट्याला दोन सेकंदांची रिकामी जागा कंटाळवाणी वाटते. त्याच्यासाठी खुळखुळाट अर्ध्या सेकंदावर आणायचा, आणि ‘आणि लाइट?’ बायकोच्या चेहऱ्यावरच सुरू करून मग नवऱ्यावर जायचं.

हे सगळं ज्यानं ठरवायचं, त्या एडिटरला ‘छतातनं’ संध्याकाळपर्यंत कितीतरी वेळा ऐकून पाठ झालेलं असतं. त्याच्या मेंदूत आश्चर्याची लाट आता उठत नाही. जुळवाजुळव नाही, म्हणून आठ फ्रेम त्याला लांबलचक वाटतात आणि तो त्या चारवर आणतो, मग दोनवर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं की स्किट धावत सुटलेलं असतं. यावर एक उपाय बऱ्यापैकी चालतो. ज्यानं स्किट ऐकलेलं नाही अशा एकाला बसवायचं आणि पडद्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचे ओठ बायको दिसायच्या आधी हलले, तर आठ फ्रेम ठेवा. बायको दिसल्यावर हलले, तर अजून दोन घाला. हललेच नाहीत, तर एडिटरला फोन करण्याआधी लेखकाला करा.