अडतंय कुठे? प्रोसेसरपाशी की कार्डापाशी?

अमुक प्रोसेसर आणि तमुक ग्राफिक्स कार्ड यांची जोडी ‘किती टक्के अडते’ हे सांगणारी कॅल्क्युलेटरं इंटरनेटवर ढिगाने आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही. कुठला गेम, कुठल्या रिझोल्यूशनवर, हे ठरल्याशिवाय तो आकडा काढताच येत नाही.

गेममधली प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसरकडे असते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय काय काढायचं, हा हिशेब तो करतो आणि कार्डाकडे सोपवतो. कार्ड पिक्सेल रंगवतं. रिझोल्यूशन वाढवलं तरी प्रोसेसरचा हिशेब जवळपास तेवढाच राहतो. कार्डाचं काम मात्र वाढतं, कारण १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर २५६०×१४४० वर ३६.९ लाख.

म्हणून खरेदीआधी दोन वेगवेगळे आकडे शोधावेत. प्रोसेसरच्या चाचण्या सर्वांत ताकदवान कार्ड लावून १०८०पी वर घेतात, म्हणजे कार्ड आड येत नाही. त्यातून प्रोसेसरची कमाल मर्यादा कळते. कार्डाच्या चाचण्या वेगवान प्रोसेसरवर होतात. त्यांत आपल्या रिझोल्यूशनचा आकडा पाहायचा. गेम आणि त्याची सेटिंग्ज दोन्हीकडे सारखी हवीत. जो आकडा लहान, साधारण तोच आपल्या वाट्याला येणार.

समजा, एका गेममध्ये प्रोसेसर सेकंदाला ११० फ्रेम देतो आणि कार्ड १०८०पी वर १५०. हाती ११० च येतील, कार्डाची ४० फ्रेमची ताकद पडून राहील. तेच कार्ड १४४०पी वर ९५ देत असेल, तर ही जोडी तिथे छान जुळली. डीएलएसएससारखं अपस्केलिंग सुरू केलं की कार्ड आतून कमी पिक्सेल रंगवतं आणि प्रोसेसरची भिंत पुन्हा समोर येते. मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल, तर ११० आणि ९५ फ्रेम यांत डोळ्यांना फारसा फरक दिसणार नाही. पैसे आधी मॉनिटरवर घालावेत.

घरी जुना कॉम्प्युटर असेल, तर त्यावर फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करून गेम चालवावा आणि रिझोल्यूशन कमी करावं. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३० टक्केच दिसला, तरी त्यावर विसंबू नये. गेमचं मुख्य काम बहुधा एकाच थ्रेडवर चालतं. १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये तो एक थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण वापरात त्याचे जेमतेम ६ टक्के दिसतात.