प्लेटलेट्सच्या आकड्यामागची स्लाइड

पावसाळ्यात बोरिवली-अंधेरी काय किंवा मुलुंड-घाटकोपर काय, ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट्स म्हटलं की डेंग्यूच, असं डॉक्टरांइतकंच पालकांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बहुतेकदा ते खरंही निघतं. म्हणूनच ज्या थोड्या मुलांना रक्ताचा कर्करोग असतो, ती या गर्दीत हरवतात. अशा वेळी यंत्राच्या आकड्यांवर न थांबता कुणीतरी रक्ताची स्लाइड डोळ्यांनी पाहायला हवी, आणि ती पाहिली जाईपर्यंत मुलाला स्टेरॉइड देऊ नये, एवढंच मला मांडायचं आहे.

समजा, चार वर्षांचा मुलगा आहे. दहा दिवस ताप येतो-जातो, नडगीवर आणि पाठीवरही न पडता-झडता काळेनिळे डाग आहेत. सीबीसीत हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी ४२,०००, प्लेटलेट्स १८,०००. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात खऱ्या, पण पांढऱ्या पेशीही सहसा कमी होतात आणि रक्त उलट दाट होतं. हिमोग्लोबिन आपल्याकडच्या अनेक मुलांचं मुळातच कमी असतं, हा आक्षेप रास्त आहे. पण लोहाच्या कमतरतेने प्लेटलेट्स अशा कोसळत नाहीत. दोन्ही एकत्र उतरलेले आणि पांढऱ्या पेशी चढलेल्या, हे चित्र डेंग्यूत बसत नाही. तरीही यंत्र ‘लिम्फोसाइट ८८ टक्के’ असं छापून मोकळं होऊ शकतं. ते पेशीचा आकार आणि आतली रवाळ द्रव्यं यांवरून वर्गवारी करतं, आणि लिम्फोब्लास्ट ही कच्ची पेशी या दोन्ही बाबतींत लिम्फोसाइटच्या जवळ जाते. यंत्र शंकेची खूण करतं, पण ती खूण पाहून स्लाइड काढणारा माणूस लागतो.

जांभळ्या झाकणाच्या नळीतला एक थेंब काचेवर ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून एका झटक्यात पसरायचा, हवेत वाळवून लिशमनचा रंग द्यायचा. मग पसरलेल्या थराच्या टोकाकडे, जिथे लाल पेशी एकमेकींवर चढत नाहीत तिथे, तेलाच्या भिंगाखाली पाहायचं. विषाणूच्या तापात चिडलेल्या लिम्फोसाइट एकीसारखी एक नसतात: कुणी लहान, कुणी मोठी, भरपूर निळसर पेशीद्रव शेजारच्या लाल पेशींभोवती पसरलेलं. ल्युकेमियात मात्र एकाच साच्यातल्या पेशी रांगेने दिसतात. केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापतं, भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड उरते, केंद्रकातलं जाळं बारीक असतं आणि कधी त्यात केंद्रिका दिसते. प्लेटलेट्स शोधाव्या लागतात. नमुना दूरच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत बरेच तास गेले, तर चांगल्या पेशींची केंद्रकंही वेडीवाकडी होतात आणि फसगत होते. म्हणून स्लाइड रक्त काढलं तिथेच, ताजी करावी.

यावर कुणी म्हणेल, स्लाइडने निदान कुठे पक्कं होतं? खरंच होत नाही. ब्लास्ट बी प्रकारची की टी, की मुळात मायलॉइड, हे फ्लो सायटोमेट्री सांगते आणि उपचार त्यावर ठरतात. शिवाय काही मुलांत पांढऱ्या पेशी कमीच असतात, रक्तात ब्लास्ट जवळपास नसतात आणि अस्थिमज्जा तपासावीच लागते. म्हणजे स्वच्छ स्लाइडने ल्युकेमिया नाकारता येत नाही. पण ब्लास्टनी भरलेली स्लाइड मूल आजच कुठे पाठवायचं ते ठरवते: परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, वाडिया बाल रुग्णालयात किंवा बोरिवलीत महापालिकेच्या बालरक्तविकार केंद्रात. त्या एका निर्णयाला फ्लोच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. मूल तापाने मलूल आहे, सांधे दुखतात, प्लेटलेट्स घसरताहेत. स्टेरॉइडचे दोन डोस दिले तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की लिम्फोब्लास्ट स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. ताप उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि नंतर काढलेल्या मज्जेत आजाराची खूण पुसट झालेली असते. आजार गेलेला नसतो, तो परततो, पण मधले काही आठवडे हातचे जातात. पेशी एकदम फुटल्याने मूत्रपिंडावर भार येतो, तो वेगळाच. शिवाय काही उपचारपद्धतींत पहिले सात दिवस स्टेरॉइड देऊन आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट मोजतात; एका मायक्रोलिटरमध्ये हजाराच्या आत आल्या तर प्रतिसाद चांगला धरतात. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर हे मोजमाप निरुपयोगी ठरतं.

पावसाळ्यात प्रत्येक तापाची स्लाइड पाहणं कुठल्याच लॅबला जमणार नाही, आणि तशी मागणीही नाही. यंत्राने शंकेची खूण केली, किंवा प्लेटलेट्सच्या जोडीला हिमोग्लोबिनही बरंच खाली आहे, किंवा पांढऱ्या पेशी डेंग्यूला न शोभणाऱ्या आहेत, एवढ्याच नळ्या बाजूला काढायच्या. त्यांत ब्लास्ट दिसल्या तर अहवाल छापून मोकळं होऊ नये. पॅथॉलॉजिस्टने पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच तासात फोन करावा आणि स्टेरॉइड सुरू झालंय का, हे पहिल्यांदा विचारावं.