हातचा पोहोचेपर्यंत : बेरीज-मंडलातील सर्वांत लांबची वाट

बेरीज करणारे एखादे विद्युत्-मंडल सदोष असेल, तर त्याचे प्रत्येक उत्तर चुकेल, अशी आपली सहज समजूत असते. प्रत्यक्षात मात्र २ आणि ३, ७ आणि ४ अशा शेकडो बेरजा अचूक देणारे मंडल एखाद्याच ठिकाणी १६ ऐवजी ८ सांगते. जोडणी तपासावी तर ती निर्दोष असते, गेटही एकेकटी तपासली असता योग्य चालतात. दोष असतो तो वेळेच्या हिशेबात. उत्तर तयार होण्यापूर्वीच ते उचलले गेलेले असते.

हा हिशेब कसा मांडावा, हे चार द्विमान अंकांच्या बेरीज-मंडलावरून पाहू. शाळेत आपण उजवीकडून डावीकडे हातचा नेत बेरीज करतो. हे मंडलही तेच करते. त्याच्या प्रत्येक स्थानी पाच गेट असतात. पहिले एक्सॉर गेट त्या स्थानचे दोन अंक भिन्न आहेत की नाहीत, ते सांगते. दुसरे एक्सॉर गेट त्या निष्कर्षात आलेला हातचा मिळवून बेरजेचा अंक देते. एक अँड गेट दोन्ही अंक १ आहेत का, हे पाहते. दुसरे अँड गेट अंक भिन्न असताना आलेला हातचा पुढे जाऊ देते. या दोन अँड गेटांची उत्तरे ऑर गेटात एकत्र येतात आणि तेथून पुढच्या स्थानाचा हातचा निघतो.

प्रत्येक गेटला उत्तर देण्यास थोडा वेळ लागतो. त्यास प्रसरण-विलंब म्हणतात. आपल्या उदाहरणासाठी अँड आणि ऑर गेटांचा विलंब प्रत्येकी २ नॅनोसेकंद व एक्सॉरचा ५ नॅनोसेकंद धरू. एक्सॉरची अंतर्गत रचना अधिक गुंतागुंतीची असल्याने ते सहसा मंदच असते. येथे एक सावधगिरी हवी : माहितीपत्रकात सरासरी आणि कमाल असे दोन्ही विलंब दिलेले असतील, तर हिशेबासाठी कमाल विलंबच घ्यावा.

आता नियम एकच आहे. गेटच्या सर्व निविष्टींपैकी जी सर्वांत उशिरा येते, तिच्या वेळेत त्या गेटचा विलंब मिळवावा. पंगतीत वाढपी कितीही चपळ असले, तरी भात शिजल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, तसेच हे आहे. सर्व अंक आणि आरंभीचा हातचा शून्य क्षणी हजर आहेत, असे मानू. पहिल्या स्थानी एक्सॉरचे उत्तर ५ व्या नॅनोसेकंदाला मिळते, त्यावर अवलंबून असलेल्या अँडचे ७ व्या आणि ऑरचे, म्हणजे हातच्याचे, ९ व्या. दुसऱ्या स्थानचे एक्सॉर तोवर ५ व्या नॅनोसेकंदालाच तयार होऊन हातच्याची वाट पाहत असते. म्हणून येथून पुढे प्रत्येक स्थानी केवळ एक अँड व एक ऑर यांचे ४ नॅनोसेकंद वाढत जातात. हातचे क्रमाने ९, १३, १७ आणि २१ व्या नॅनोसेकंदाला निघतात. बेरजेचे अंक मात्र १०, १४, १८ आणि २२ व्या नॅनोसेकंदाला येतात, कारण प्रत्येक अंकापुढे आणखी एक एक्सॉर आहे.

येथेच नवशिक्याची फसगत होते. गेट मोजली, तर शेवटच्या हातच्यापर्यंत नऊ गेट लागतात आणि चौथ्या अंकापर्यंत आठच. सर्व गेटांचा विलंब सारखा असता, तर हातचाच शेवटी आला असता. विलंब असमान असल्यामुळे आठ गेटांची वाट २२ नॅनोसेकंदांची व नऊ गेटांची वाट २१ नॅनोसेकंदांची ठरते. सर्वांत लांबची ती वाट म्हणजे क्रांतिक मार्ग. तिची लांबी वेळेत मोजावी, गेटांच्या संख्येत नव्हे.

मार्ग ओळखण्यासाठी शेवटाकडून मागे यावे. २२ मधून एक्सॉरचे ५ वजा केले की १७ उरतात. त्या एक्सॉरच्या दोन निविष्टींपैकी १७ व्या नॅनोसेकंदाला येणारी कोण? तिसऱ्या स्थानचा हातचा. त्याच रीतीने मागे जाता आपण पहिल्या स्थानच्या पहिल्या एक्सॉरपाशी पोहोचतो. वाटेत लागलेली दुसरी निविष्टी, म्हणजे चौथ्या स्थानच्या पहिल्या एक्सॉरचे उत्तर, ५ व्या नॅनोसेकंदालाच येऊन बसलेले असते. त्याला १२ नॅनोसेकंदांची सवड आहे. ते गेट कितीही वेगवान केले, तरी उत्तर क्षणभरही लवकर येणार नाही.

ही वाट कागदावरची नाही, याची खात्री अशी करता येते. एक संख्या १११०, म्हणजे १४, दुसरी शून्य आणि आरंभीचा हातचा १ ठेवावा. उत्तर १५ येते. आता पहिल्या संख्येचा फक्त उजवीकडचा अंक ० चा १ करावा. खरे उत्तर १६, म्हणजे १००००. या एका बदलाने हातचा चारही स्थानांतून धावतो आणि चौथा अंक २२ व्या नॅनोसेकंदालाच बदलतो.

समजा, या मंडलाच्या दोन्ही बाजूंस फ्लिप-फ्लॉप आहेत. आधीचा फ्लिप-फ्लॉप आपले मूल्य बाहेर टाकण्यास ५ नॅनोसेकंद घेतो आणि पुढच्यास उत्तर १ नॅनोसेकंद आधी स्थिर हवे असते. म्हणजे दोन ठोक्यांत किमान २८ नॅनोसेकंदांचे अंतर हवे. कोणी हौसेने ते २५ केले, तर बेरजेसाठी केवळ १९ नॅनोसेकंद उरतात. तोवर पहिले तीन अंक ० झालेले असतात, चौथा मात्र अजून जुनाच १ असतो आणि शेवटचा हातचा जुनाच ० असतो. उचललेले उत्तर ०१०००, म्हणजे ८. ज्या बेरजांत हातचा लांब जात नाही, त्या बिनचूक येत राहतात. ठोका मंद करताच चूक नाहीशी होते, मंडल तापल्यावर किंवा विद्युतदाब उतरल्यावर ती वाढते. दोष वेळेचा आहे, हे यावरून ओळखावे.

सुधारणा करू गेल्यास मार्ग आपली जागा बदलतो. क्रांतिक मार्गावरील दोन्ही एक्सॉर ५ ऐवजी ३ नॅनोसेकंदांची बसवली, तर ४ नॅनोसेकंद वाचावेत, असे वाटते. चौथा अंक खरोखरच १८ व्या नॅनोसेकंदाला येतो. पण शेवटचा हातचा आता १९ वर असतो आणि तोच शेवटचा ठरतो. वाचतात ३ नॅनोसेकंद. म्हणून प्रत्येक बदलानंतर हिशेब आरंभापासून करावा.

हा हिशेब कधीकधी उलट्या दिशेनेही फसवतो. मोठ्या बेरीज-मंडलात चार-चार स्थानांचे गट करून हातच्यासाठी आडवाट ठेवतात : चारही स्थानी अंक भिन्न असतील, तर गटात आलेला हातचा मल्टिप्लेक्सरमधून थेट बाहेर काढला जातो. मल्टिप्लेक्सरला ३ नॅनोसेकंद लागतात आणि हातचा गटापाशी ३० व्या नॅनोसेकंदाला येतो, असे धरू. आपला नियम सांगेल की चारही स्थानांतून जाणाऱ्या वाटेने तो ४९ व्या नॅनोसेकंदाला बाहेर पडेल. परंतु हातचा चारही स्थानांतून जाण्यासाठी चारही ठिकाणी अंक भिन्न असावे लागतात आणि नेमके तेव्हाच मल्टिप्लेक्सर ती लांब वाट सोडून आडवाट निवडतो. ४९ नॅनोसेकंदांची वाट तारांत आहे, पण तिच्यावरून कोणताही बदल कधीच धावत नाही. गटातून बाहेर पडणारा हातचा ३३ व्या नॅनोसेकंदाला मिळतो. गटाच्या आतील चौथ्या अंकाला मात्र ही सवलत नाही. त्याला तीन स्थानांतून येणाऱ्या हातच्याची वाट पाहावीच लागते आणि तो ४७ व्या नॅनोसेकंदाला येतो. एकाच गटाच्या दोन निष्पत्तींना दोन वेगळे हिशेब लागतात.