बंधाऱ्याखालचे काटकोन

नदीच्या वाळूवर बंधारा उभा केला की पाण्याला खाली जायला दोन वाटा मिळतात. एक दिसते, ती दरवाजांतून जाणारी. दुसरी काँक्रीटच्या फरशीखालून, वाळूच्या कणांमधल्या फटींतून जाते. या दुसऱ्या वाटेचा वेग इतका कमी असतो की तिच्याकडे दुर्लक्ष करावेसे वाटते, पण वाळूवरचे अनेक बंधारे खचले ते याच पाण्यामुळे. खालच्या बाजूला वर येताना ते वाळूचे कण उचलून नेते, फरशीखाली पोकळी होते आणि एक दिवस फरशी बसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबच्या कालव्यांवर काम करणारे अभियंते यासाठी ब्लाय यांचा नियम वापरत. पाणी फरशीच्या बुडाला आणि खाली ठोकलेल्या शीट पाइलच्या भिंतींना लगटून सरकते, आणि जितके अंतर तोडते तितका त्याचा दाब समप्रमाणात घटतो, असे हा नियम धरून चालतो. १९२६-२७ मध्ये अपर चिनाब कालव्यावरच्या, याच नियमाने बांधलेल्या सायफनांनी त्रास द्यायला सुरुवात केली. ए. एन. खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे फरशीतून नळ्या उतरवून पाण्याचा प्रत्यक्ष दाब मोजला, तर आकडे नियमाशी जुळेनात. कारण पाणी फरशीला लगटून जातच नव्हते. ते खालच्या सगळ्या वाळूत पसरून, मोठ्या कमानींसारख्या वळणांनी पलीकडे जात होते. खोसला, बोस आणि टेलर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वळणांचे गणित आहे. ते दोन राशींवर उभे आहे: वेग विभव आणि प्रवाह फलन.

आधी विभव पाहू, कारण तो नळीने मोजता येतो. फरशीतून वाळूत एक बारीक उभी नळी उतरवली की तिच्यात पाणी काही उंचीपर्यंत चढते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला ते जास्त चढेल, खालच्या बाजूला कमी. वाळूतल्या प्रत्येक बिंदूला अशी एक उंची असते. सारखी उंची असलेले बिंदू जोडले की समविभव रेषा मिळते. डोंगराच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात तशाच या रेषा समजा. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या दार्सी यांनी १८५६ मध्ये दाखवले की वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा वेग या उंचीच्या उताराच्या प्रमाणात असतो. तो वेग उंची ज्या दिशेने सर्वांत झपाट्याने घटते त्याच दिशेने वळतो. ही उंची वाळूच्या पारगम्यतेने गुणली की वेग विभव मिळतो. चिन्ह अधिक घ्यायचे की उणे, हे पुस्तकागणिक बदलते.

प्रवाह फलन वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. उंची किती, हे ते सांगत नाही. किती पाणी जाते, हे सांगते. बंधाऱ्याचा एक मीटर रुंदीचा उभा छेद डोळ्यांपुढे आणा. फरशीच्या बुडापासून वाळूतल्या एखाद्या बिंदूपर्यंत मनातल्या मनात दोरी ताणली, तर ती दोरी ओलांडून सेकंदाला जितके पाणी जाते, तितकी त्या बिंदूवरची प्रवाह फलनाची किंमत. दोरी सरळ धरली की वाकडी, याने फरक पडत नाही, कारण पाणी मध्ये कुठे साठत नाही आणि कुठे निर्माणही होत नाही. लाग्रांजने १७८१ मध्ये ही कल्पना मांडली. किंमत सारखी असलेले बिंदू जोडले की जी रेषा मिळते, ती ओलांडून थेंबभरही पाणी जात नाही. म्हणजे पाणी त्या रेषेच्या कडेने वाहते. हीच प्रवाहरेषा.

आता काटकोन आपोआप दिसतो. समविभव रेषेवरून चालताना उंची बदलत नाही. उंची सर्वांत झपाट्याने बदलते ती त्या रेषेला काटकोनात, कारण तिरके गेलो तर चालण्याचा काही भाग रेषेच्या कडेने वाया जातो. पाणी त्या झपाट्याच्या दिशेने जाते, आणि प्रवाहरेषा पाण्याच्या दिशेने काढलेली असते. म्हणून दोन्ही रेषा एकमेकींना काटकोनातच छेदतात.

हे आकड्यांवर तपासता येते. फरशी आणि तिच्याखाली ठोकलेली शीट पाइल मिळून जो आतला कोपरा होतो, तिथे या. कोपऱ्यापासून फरशीलगत आडवे अंतर x, पाइललगत खाली y. पाणी फरशीखालून पाइलकडे येते आणि तिला अडून खाली वळते. कोपऱ्याजवळ विभवाचे रूप `x² − y²` आणि प्रवाह फलनाचे रूप `2xy` असे घेता येते. x = २, y = १ हा बिंदू घ्या. तिथून जाणारी प्रवाहरेषा `xy = 2`, ती (४, ०.५) आणि (१, २) या बिंदूंतूनही जाते. बिंदू मांडून काढली तर पाइलकडे येऊन खाली वळणारी वाट समोर येते. आपल्या बिंदूवर तिचा उतार −१/२ आहे. तिथूनच जाणारी समविभव रेषा `x² − y² = 3`. तिचा उतार २. दोन उतारांचा गुणाकार −१, म्हणजेच काटकोन. वेग पाहिला तर पाइलकडे ४ आणि खाली २, म्हणजे नेमका प्रवाहरेषेच्या दिशेने.

काटकोनापलीकडे आणखी एक गोष्ट इथे आहे, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. वेग म्हणजे प्रवाहाच्या दिशेने दर मीटरला बदलणारा विभव. तोच वेग म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेने दर मीटरला बदलणारे प्रवाह फलन. दोन्ही एकच आकडा. त्यामुळे दोन्ही राशींच्या रेषा समान फरकाने काढल्या, तर शेजारच्या प्रवाहरेषांमधले अंतर आणि शेजारच्या समविभव रेषांमधले अंतर सारखे निघते. जाळ्यातला प्रत्येक घर चौकोनी होतो. बाजू वळलेल्या असतील, पण लांबी-रुंदी सारखी. पाणी जिथे वेगाने जाते तिथे घरे लहान, जिथे रेंगाळते तिथे मोठी.

फोर्खहायमर यांनी आणि नंतर कॅसाग्रँड यांनी हे जाळे हाताने काढण्याची पद्धत रूढ केली. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन रेषा टाकायच्या, घरे चौकोनी होत नसतील तर खोडून पुन्हा टाकायच्या. घरात चारही बाजूंना टेकणारे वर्तुळ बसते का, हे पाहणे ही जुनी कसोटी आहे. जाळे जमले की उरते ते मोजणे. समजा दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ४ मीटरचा फरक आहे, वाळू बारीक आहे आणि तिची पारगम्यता सेकंदाला ०.०१ मिलिमीटर आहे. जाळ्यात प्रवाहाच्या ४ पट्ट्या आणि विभवाचे १२ टप्पे निघाले. प्रत्येक टप्प्याला उंची ४/१२ म्हणजे सुमारे ०.३३ मीटर घटते. पाझर काढायला पारगम्यतेला ४ मीटरने आणि ४/१२ ने गुणायचे. उत्तर येते दर मीटर रुंदीला दिवसाला सुमारे १.१५ घनमीटर. एवढ्या पाण्याने धरण रिकामे होणार नाही.

धोका पाझराच्या आकड्यात नसून शेवटच्या घरात असतो, जिथे पाणी वाळूतून वर बाहेर पडते. ते घर अर्धा मीटर लांबीचे असेल, तर ०.३३ मीटरची घट अर्ध्या मीटरात होते, उतार ०.६७. हा उतार १ च्या आसपास गेला की वर येणारे पाणी वाळूचे बुडालेले वजन पेलते आणि वाळू उकळू लागते. बारीक वाळूसाठी खोसला यांनी १/६ ते १/७ इतकाच उतार सुरक्षित मानला. आपला बंधारा त्यात बसत नाही.

फरशीच्या या टोकाला काटकोनाचा नियमही परीक्षेला लागतो. फरशीचे बूड ही प्रवाहरेषा, कारण काँक्रीटमधून पाणी जात नाही. तिच्या पुढचा नदीचा तळ ही समविभव रेषा, कारण त्यावर सगळीकडे तीच पातळी उभी असते. फरशी तळावर नुसती टेकवलेली असेल, तर या दोन रेषा टोकाला काटकोनात न भेटता एका सरळ रेषेत येतात. काटकोन मोडला, आणि गणित सांगते की तिथे वेग अनंत. प्रत्यक्षात अनंत काही नसते, पण वाळू सुटायला सुरुवात याच टोकापासून होते. तिथे खाली उभी शीट पाइल ठोकली की पाइलची भिंत ही प्रवाहरेषा होते, ती तळाला काटकोनात भेटते आणि उतार मर्यादेत येतो. टोकाची खोल पाइल अनिवार्य आहे, हा खोसला यांचा आग्रह इथूनच आला. कितीही लांब फरशी तिची जागा घेऊ शकत नाही.

उलटी गत आपल्या आतल्या कोपऱ्याची. तिथे x आणि y दोन्ही शून्य, म्हणून वेगही शून्य. पाणी कोपऱ्यात थबकते. `x² − y² = 0` ही समविभव रेषा कोपऱ्यातून निघते ती फरशीशीही ४५ अंश आणि पाइलशीही ४५ अंश करून. उतारच नसल्यामुळे तिथे सर्वांत झपाट्याची अशी दिशा उरत नाही, आणि काटकोनाचा युक्तिवाद लागू होत नाही. जाळे काढताना तिथे चौकोन जमत नाही म्हणून खोडत बसायचे नसते.

नियमाची खरी मर्यादा मात्र वाळूतच आहे. नदी गाळ थरांनी टाकते, त्यामुळे पाणी आडवे सहज सरकते आणि उभे कष्टाने. समजा आडवी पारगम्यता उभीच्या चौपट आहे आणि एका जागी उंची आडवी व उभी सारखीच घटते आहे, म्हणजे सर्वांत झपाट्याची दिशा ४५ अंशांवर. पाणी त्या दिशेने जात नाही. आडवा वेग ४, उभा १, म्हणून ते आडव्याशी जेमतेम १४ अंशांनी कलते. समविभव रेषेशी त्याचा कोन ९० न राहता ५९ अंश भरतो. अशा जमिनीवर काटकोनाचे जाळे काढणारा चुकीचे उत्तर काढतो, आणि चित्र देखणे असल्याने चूक डोळ्यांत भरत नाही. नळ्यांतली पातळी मोजली की ती कळते. उपाय असा: पारगम्यता चौपट असेल तर चौपटीचे वर्गमूळ २, म्हणून छेदाची सगळी आडवी मापे निम्मी करून नवे चित्र काढायचे. त्या चित्रात काटकोन आणि चौकोन दोन्ही परत मिळतात. मोजणी तिथे करायची, पारगम्यता म्हणून दोन्ही पारगम्यतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे, आणि मग चित्र पुन्हा दुपटीने ताणून मूळ मापाला आणायचे. तेव्हा घरे तिरकी झालेली दिसतात, आणि या वाळूत ती तशीच असायला हवीत.