गिलाव्याचे साहित्यमापन

भिंतीचे क्षेत्रफळ व गिलाव्याची जाडी यांवरून लागणाऱ्या सिमेंट व वाळूच्या परिमाणाचा अंदाज काढण्याची रीत. क्षेत्रफळास जाडीने गुणले असता भिंतीवर बसलेल्या ओल्या मसाल्याचे घनफळ मिळते. परंतु तेवढ्याच घनफळाचे सिमेंट व वाळू आणल्यास काम अर्धवट राहते. याची कारणे दोन आहेत. विटांच्या सांध्यांत व भिंतीच्या खोलगट भागांत मसाला शिरतो आणि काही खाली सांडतो. यासाठी सामान्यतः २० टक्के वाढ धरतात. दुसरे असे की, कोरडे साहित्य पाण्यात कालविल्यावर वाळूच्या कणांमधील पोकळ्या सिमेंट व पाणी यांनी भरून घनफळ घटते. म्हणून ओल्या घनफळास १·३३ ने गुणून कोरडे घनफळ काढतात.

उदा., ५ मी. लांब, ४ मी. रुंद व ३ मी. उंच अशा खोलीच्या चार भिंतींचे आतील क्षेत्रफळ ५४ चौ.मी. भरते. दार-खिडक्यांचे ४ चौ.मी. वजा जाता ५० चौ.मी. उरतात. गिलावा १२ मिमी. जाड असल्यास ओले घनफळ ०·६ घ.मी., २० टक्के वाढीसह ०·७२ घ.मी. व कोरडे घनफळ सु. ०·९६ घ.मी. येते. सिमेंट व वाळू यांचे प्रमाण १ : ६ असेल, तर एकूण सात भागांपैकी एक भाग, म्हणजे ०·१३७ घ.मी. सिमेंट लागते. ५० किग्रॅ. सिमेंटच्या पिशवीचे घनफळ सु. ३५ लिटर असते. त्यावरून चार पिशव्या पुरतात. उरलेले सु. ०·८२ घ.मी. ही वाळू होय.

हा आकडा मात्र कोरड्या वाळूचा आहे. दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून कण एकमेकांपासून दूर राहतात व वाळू फुगते. हे पाहण्यासाठी काचेच्या भांड्यात दमट वाळू २० सेंमी. उंचीपर्यंत सैल भरतात व वाळू बुडेल इतके पाणी ओतून ढवळतात. वाळू १६ सेंमी. वर स्थिरावल्यास फुगवटा २५ टक्के होय. अशा वेळी वरील खोलीस सु. १·०३ घ.मी., म्हणजे एक तृतीयांश ब्रासहून किंचित अधिक, वाळू आणावी लागते. फुगवटा न धरता पिशवीमागे ३५ लिटरच्या सहाच पेट्या टाकल्यास प्रमाण प्रत्यक्षात १ : ४·८ पडते, सिमेंट पावणेपाच पिशव्यांपर्यंत जाते व सिमेंटचा अंश वाढल्याने गिलावा सुकताना अधिक आकसून त्यावर बारीक भेगा पडण्याचा संभव असतो.

अंदाज चुकण्याचे मोठे कारण बहुधा भिंतीतच असते. भिंत ओळंब्यात नसेल, तर ती सरळ दिसण्यासाठी गिलावा जाड करावा लागतो. वरील खोलीत सरासरी ५ मिमी. जाडी वाढली, तरी जवळजवळ दीड पिशवी सिमेंट जास्त लागते. यासाठी साहित्य मागविण्यापूर्वी भिंतीवर ठिकठिकाणी गिलाव्याचे ठिपके देऊन, ओळंबा व दोरी यांनी ते एका पातळीत आणतात आणि ठिपक्यांची सरासरी जाडी हिशेबात घेतात. जाडी २० मिमी.च्या पुढे गेल्यास गिलावा दोन थरांत देतात. एकाच थरात दिलेला मसाला स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो.